अठ्ठेचाळीस तासांची मंजुरी

बदलापूरजवळच्या सोनिवलीतल्या एका बिल्डरच्या ऑफिसात मी नऊ वर्षं करारनामे टाइप केले. फ्लॅट घ्यायला आलेलं जोडपं समोर बसलेलं असायचं. बाई विचारायची स्वयंपाकघराला ऊन येतं का, नवरा विचारायचा पार्किंगचं काय, आणि मी पान सतरा पुढे सरकवून म्हणायची, "इथे एक सही, आणि खाली एक." पान सतरा मला तोंडपाठ होतं. सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास ग्राहकाची मान्यता आहे असे समजण्यात येईल. या एका ओळीपायी किती संसारांच्या भिंतींवर नको त्या टाइल्स बसल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं. घरी जेवताना नवऱ्याला ते किस्से सांगून मी हसायचीही. "मी फक्त टाइप करते" हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

सगळ्या इमारती विकून झाल्यावर ते ऑफिस बंद पडलं आणि मी घरी बसले. बसले कसली, फोन घेऊन गावभर हिंडू लागले. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात कुठे काय चांगलं आणि रास्त मिळतं, त्याच्या मिनिट-दीड मिनिटाच्या रील मी बनवायची. कुठल्या गल्लीत परकर चांगला शिवून मिळतो, कोणाच्या लोणच्याला तेल कमी पडतं, हे सगळं. तोंड माझं फटकळ, ते लोकांना आवडायचं. दोन वर्षांत अकरा हजार बायका माझ्यामागे जमल्या. त्यांच्यातल्या बऱ्याचजणी मला रस्त्यात ओळखायच्या आणि मला त्याचा माज चढायला लागला होता, हे आता कबूल करते.

मग पैसे देऊन व्हिडिओ करून घेणारं पहिलं गिऱ्हाईक आलं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले एक सिंधी शेठ, साठीचे. त्यांचं शिवलेल्या नऊवारी साड्यांचं दुकान. परकरासारखी चढवायची, दोन हूक लावायचे, झाली नऊवारी. शेठ म्हणाले, "मॅडम, आप वीडियो बनाओ, पैसा मैं दे दूंगा. जबान है मेरी." मी म्हटलं, तोंडी काही नाही, करार करू. शेठना ते जरा लागलं. "चालीस साल से चिट्ठी पे माल लेता-देता हूं. कभी किसी का डुबाया नहीं." पण नऊ वर्षं करारात मुरलेली बाई मी, ऐकते थोडीच.

दोन पानांचा करार मी घरीच केला. काम काय, तर नऊवारीवर दीड मिनिटाची एक रील. पैसे आठ हजार. चार सही करताना, चार रील टाकल्यावर बिल देईन त्यानंतर सात दिवसांत. बदल सांगायचे असतील तर एकदाच सांगायचे. रीलवर 'पैसे घेऊन केलेली जाहिरात' असं स्पष्ट लिहिलेलं असेल. रील निदान सहा महिने काढायची नाही. दुकानात जी माणसं दिसतील त्यांची परवानगी घेणं ही दुकानाची जबाबदारी. आणि शेवटून दुसरं कलम: तयार रील शेठना आधी दाखवली जाईल, अठ्ठेचाळीस तासांत त्यांनी काही कळवलं नाही, तर मंजुरी आहे असं समजण्यात येईल. ती ओळ कुठून आली ते सांगायला नको. इतक्या वर्षांनी ती माझ्या बोटांतून आपसूक उतरली, आणि तिच्यामुळे करार कसा पक्का वाटतोय म्हणून मी खूशही झाले.

शेठना मराठी बोलता येत होतं, पण छापलेलं वाचायचा कंटाळा. म्हणून मी गादीवर त्यांच्यासमोर बसून एकेक कलम हिंदीत समजावून सांगितलं. जाहिरात असं लिहायला ते तयार नव्हते. "लोग बोलेंगे पैसा देके तारीफ करवाया." मी म्हटलं, "तेच खरं आहे, आणि तसा नियमच आहे." ते हसले आणि हो म्हणाले. माणसांच्या परवानगीचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "अरे सब अपने ही आदमी हैं." अठ्ठेचाळीस तासांचं कलमही मी वाचलं. इतर कलमं वाचली त्यापेक्षा जरा भरभर वाचलं, एवढंच. दोन प्रतींवर दोघांनी सह्या केल्या, एक त्यांनी गल्ल्यात ठेवली, एक मी पिशवीत. चार हजार तिथेच माझ्या खात्यात आले आणि मला वाटलं, आता आपण खऱ्या अर्थाने व्यावसायिक झालो.

शूटिंगला मी दुपारी गेले. दुकानाच्या मागच्या बाजूला पोटमाळ्याखाली दोन मशिनी होत्या आणि तिथे एक मावशी बसल्या होत्या, पंचावन्नच्या आसपासच्या, अंबरनाथजवळच्या पालेगावच्या. नऊवारीचा सगळा खेळ निऱ्यांत असतो. त्या एकसारख्या पडल्या नाहीत, तर शिवलेली साडी लगेच चोरी पकडून देते. मावशी टेप न लावता निऱ्या घालायच्या. अंगठा आणि दोन बोटं, कापड आपलं सरकत यायचं, आणि दर चार निऱ्यांनंतर एक टाचणी त्या ओठांतून काढून खोचायच्या. मी फोन वर केला तसा त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"मना नको घेव बाय," त्या म्हणाल्या. "हात घे वाटलं तर. मी सकाली अंबरनाथच्या दुकानात जाते. आठ वर्षं झाली. त्या शेटाचा नेम हाय, हेच काम दुसरीकडं करायचं नाय. पगार तिथं मिलतो, इथं साडीमागं पैसं."

मी म्हटलं, "बरं मावशी. फक्त हातच घेते."

हे मी बोलले. स्पष्ट, मराठीत, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. करार पिशवीत होता, पण हे बोलणं त्यात कुठेच नव्हतं. ते कागदावर घ्यावं असं माझ्या मनातही आलं नाही, कारण पैसे देणाऱ्या त्या नव्हत्या.

हात घेतले, पण फोन चालूच राहिला. शेठनी पुढून काहीतरी मस्करी केली आणि मावशी हसल्या, ओठांत टाचणी तशीच धरून. तीन सेकंद. घरी रील जोडायला बसले तेव्हा कळलं की नुसत्या हातांचं काही खरं नाही. चांगले होते, पण हात कोणाचेही वाटत होते. ते हसणं घातलं आणि रील उठून उभी राहिली. मी ते काढलं, परत घातलं, परत काढलं. शेवटी मी स्वतःशी तोड काढली: आता राहू दे, शेठ बघतीलच. त्यांना खटकलं तर सांगतील, मग काढू. परवानगीची जबाबदारीही दुकानाचीच होती ना. असं करून मावशींना दिलेला शब्द मी गुपचूप शेठच्या खांद्यावर ठेवून दिला, आणि शेठना त्याची खबरही नव्हती.

फाइल मोठी होती, म्हणून बुधवारी संध्याकाळी शेठना मी लिंक पाठवली. खाली लिहिलं, करारानुसार अठ्ठेचाळीस तासांत कळवा. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर काही नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी दुपारपर्यंत नाही. एक फोन करायचा होता फक्त. बदलापूरहून कॅम्प दोनला फोन लावायला पाच पैशांचा खर्च नाही. पण मला भीती होती की फोन केला तर शेठ म्हणतील दुकानाची पाटी मोठी दाखवा, माझं भाषण घाला, आणि ते हसणं काढा. त्यांच्या गप्प बसण्याचा मला आनंद होत होता. शुक्रवारी सात वाजता अठ्ठेचाळीस तास भरले आणि सात वाजून दोन मिनिटांनी मी रील टाकली.

शनिवारी बिल केलं. नवरा म्हणाला, बिलावर एक नंबर टाकू नको, नवखी वाटशील, सतरा टाक. मी एकच टाकला. माझं नाव-पत्ता, पॅन, दुकानाचं नाव, तारीख, केलेलं काम, एकूण आठ हजार, आगाऊ मिळालेले चार वजा, बाकी चार, खात्याचा नंबर. नमुना नेटवरून घेतला होता, त्यात अठरा टक्के जीएसटीची ओळ होती. माझी नोंदणी नाही तेव्हा तो लावायचा मला अधिकारच नाही, म्हणून ती पुसून टाकली. इतकी मी नियमाची पक्की. शेठचे पैसे सोमवारी आले, मागावे न लागता. ते बिल मी प्रिंट काढून देवापुढे ठेवलं होतं.

रील चालली. आधीच्या कुठल्याही रीलपेक्षा चालली. खाली बायका विचारत होत्या, त्या हसणाऱ्या मावशी कोण, काय हात आहे हो. मी सगळ्यांना हृदयं पाठवत बसले होते.

दहा दिवसांनी शेठचा फोन आला. "मॅडम, वो पालेगाववाली का सुबह का काम गया. अंबरनाथवाले ने वीडियो देख लिया. आपने मुंह क्यों दिखाया उसका?"

मी म्हटलं, "शेठ, मी तुम्हाला आधी पाठवला होता ना. तुम्ही काही बोलला नाहीत."

"कब भेजा? लिंक? मॅडम, मेरे लड़के ने बोल के रखा है, लिंक कोई भी भेजे, खोलना नहीं. बाजूवाले का पूरा खाता साफ हो गया."

"पण शेठ, नंबर माझाच होता."

"पहचानवाले के नंबर से ही आता है वो."

"मग न बघताच पैसे कसे दिलेत?"

"आपका कागज था ना," शेठ म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी करार काढून वाचला. त्यात माझी कुठेच चूक नव्हती. मंजुरीची मुदत पाळली होती, परवानगीची जबाबदारी दुसऱ्याची होती, सगळं सह्यांसकट. पान सतरा वाचून लोक ऑफिसात येऊन आमच्याशी भांडायचे तेव्हा आमचे साहेब असेच शांत बसायचे, पानावर बोट ठेवून. मला माझीच किळस आली. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि का जेवले नाही ते घरात सांगितलंही नाही.

रील काढून टाकायची हे मी ठरवलं. एकदा टाकलेल्या रीलमधला नुसता तुकडा कापता येत नव्हता; ती पूर्ण काढायची आणि चेहऱ्याशिवाय नवी टाकायची, एवढाच रस्ता होता. पण सहा महिने काढायची नाही, हेही मीच लिहिलं होतं. म्हणून पंधरा दिवस टाळाटाळ करून मी शेठकडे गेले. सकाळी गेले, कारण मावशी दुपारी तीनला यायच्या आणि मला त्यांच्यासमोर जायचं धैर्य नव्हतं.

शेठना रील काढायची नव्हती. मोसम लग्नाचा, ऑर्डरी येत होत्या. "छह महीना आपने लिखा, मैंने नहीं," ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, नवी रील टाकते, वर आणखी एक फुकट करून देते. त्यांनी गल्ल्यातून आपली प्रत काढली. मग म्हणाले, "चलो. उसका काम गया, मेरा भी थोड़ा जाने दो." मी दोन्ही प्रतींच्या खाली पेनाने लिहिलं: दोन्ही पक्षांच्या संमतीने मूळ रील काढून सुधारित रील टाकली जाईल, तिला सहा महिन्यांची अट लागू राहील. तारीख घातली, दोघांनी सह्या केल्या. या वेळी नवी रील मी शेठना तिथेच माझ्या फोनवर दाखवली आणि त्यांनी तोंडाने हो म्हटल्यावरच टाकली. जुनी त्यांच्यासमोर काढली. सुधारले, असं वाटून मी घरी येताना फरसाण घेऊन आले.

मावशींकडे जायला मात्र मी दीड महिना लावला. आज पाहुणे, उद्या पाऊस, परवा पाय दुखतोय. खरं कारण एकच, त्या काय बोलतील. शेवटी शेठकडून कळलं की मोसम संपल्यावर त्यांचं तिथलं येणंही कमी झालं आहे. मग मात्र राहवेना. काय झालं ते विचारायचं, रील केव्हाच काढली आहे हे सांगायचं आणि माफी मागायची, असं ठरवून मी पालेगावला गेले.

त्यांचं घर बैठं, दोन नव्या टॉवरांच्या मधे. पुढच्या पडवीत मशीन होतं. मला बघून त्या उठल्या, चहा टाकला, बस म्हणाल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्याने मला जास्तच जड झालं. मी मान खाली घालून म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला शब्द दिला आणि मोडला. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. चूक माझी आहे."

"गेलं तर," त्या म्हणाल्या. "अंबरनाथच्या शेटानी मोबाईल पुढं धरला. म्हणतो, ही तूच ना? मी म्हटलं, मीच. खोटं कशाला बोलू, तोंड माझंच होतं. हिशोब केला नि घरी आले. लय रडले त्या दिशी. तुना शिव्या पन दिल्या."

"द्यायलाच हव्या होत्या. पण मावशी, मी ते काढून टाकलं. तुमचा चेहरा आता कुठेही नाही."

त्या चहा गाळता गाळता थांबल्या. "ते कललं मना. का काढलास?"

मला प्रश्नच समजला नाही. म्हटलं, "तुम्हाला त्रास झाला म्हणून."

"त्रास झाला तो झाला. काम गेल्यावर चार दिसांनी या टॉवरातली एक बाई आली. मोबाईल हातात. म्हणते, या तुम्हीच ना, आम्ही इथंच राहतो नि आम्हाला ठावं नाय. तिनी तीन साड्या दिल्या. मग तिची बहीन आली, वांगनीवरून. मी म्हटलं, जाऊ दे अंबरनाथ, घरीच बसून करू. नातीनं मना तो व्हिडिओ लावायला शिकवला होता. नवीन कोन आलं की मी दाखवायची, बघा, ही मी. भाव करत नव्हती मग कोन. नि एक दिवस लावला तर नाय. मना वाटलं मोबाईल बिघडला. नात म्हटली, आजे, त्या ताईनी काढला."

"मग येणं बंद झालं?"

"दोघी-तिघी येतात वलखीच्या. बाकीच्यांना काय सांगू, मीच ती म्हनून? कोन मानतो?"

काढलेली रील काही दिवसांच्या आत परत आणता येते. ते दिवस मी पाहुणे आणि पाऊस यांत घालवले होते. मी म्हटलं, तुकडे माझ्याकडे आहेत, पुन्हा जोडून टाकते. पण ती हजारो माणसं, खाली विचारणाऱ्या त्या बायका, ते सगळं शून्यावर आलेलं असणार, हे मला माहीत होतं आणि मी ते त्यांना सांगितलंही. मग त्यांनी विचारलं, "काढताना शेटाला इचारलंस?"

"हो."

"कागदावर?"

"हो मावशी. दोघांच्या सह्या आहेत."

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "पयल्या वेली मी नको म्हटलं ते तू ऐकलं नाय. ह्या वेली तर इचारलंच नाय. मग आज मना कशाला सांगाला आलीस?"

मला बरं वाटावं म्हणून आले होते. मी चहा प्यायले.